शिरोळची क्षारपड : पाणी वरच्याचं, मीठ खालच्याच्या रानात

शिरोळ : उसाला एक पाळी जास्त दिली तर काय बिघडतं? देणाऱ्याच्या रानात बहुतेक वेळा लगेच काहीच नाही. बिघडतं ते खालच्या अंगाला. जास्तीचं पाणी काळ्या जमिनीत मुरतं, उताराने सरकतं आणि खालच्याच्या रानात साठतं. पाण्याची पातळी चार-पाच फुटांच्या आत आली की ओल वर चढते, पाणी उडून जातं आणि क्षार मागं राहतात. आधी ऊस पिवळा पडतो, मग पांढरा थर दिसतो.

म्हणजे चूक एकाची, दंड दुसऱ्याला. अर्थशास्त्रात याला बाह्य परिणाम म्हणतात. वरच्याला तरी काय बोलायचं? पाणीपट्टी एकरावर ठरलेली असली की दहा पाळ्या दिल्या काय आणि पंधरा काय, त्याचा खर्च तोच.

उपाय माहितीचा आहे. जमिनीखाली तीन-चार फुटांवर छिद्राच्या पाईपा टाकायच्या आणि त्या मुख्य पाईपला जोडून पाणी ओढ्यात काढायचं. पण मुख्य पाईप दहा जणांच्या बांधातून जाते. समजा खर्च पाच लाख, म्हणजे प्रत्येकी पन्नास हजार. एकाने पैसे दिले नाहीत तरी शेजाऱ्यांच्या पाईपांमुळं त्याच्याही रानातलं पाणी थोडंफार उतरतंच. ते बघून दुसरा हात आखडतो, मग तिसरा. शेवटी पाईपच होत नाही. शिरोळच्या दत्त साखर कारखान्याने पुढाकार घेतला तिथं शेतकरी एकत्र आले आणि मोठं क्षेत्र सुधारलं. असा मधला कुणीतरी नसला की योजना बांधावरच अडते.

आता सरकार काय करतं? ठिबकला अनुदान देतं. त्याने पाणी वाचतं हे खरं, पण वाचलेल्या पाण्यावर आणखी एकरभर ऊस लागला तर जमिनीत जाणारं एकूण पाणी फारसं कमी होत नाही. शिवाय अनुदानाचा पैसा सगळ्यांच्या करातून येतो, ज्याचं रान खारावलं त्याच्याही.

पाणी मोजून पट्टी लावली तर उलटं होतं. शेवटच्या पाळीलाही पैसे पडतात, म्हणून माणूस ती द्यायची का याचा विचार करतो, आणि जमा झालेल्या पैशातून मुख्य पाईप टाकता येते. पट्टी वाढणार म्हटलं की गावात बोंब होणार, हे वेगळं सांगायला नको. पण पैसा गावच्याच पाईपात परत येताना दिसला तर बोंब कमी होईल.

खरी अडचण मोजण्याची आहे. पाणीवापर संस्थांना पाणी मोजून द्यायची तरतूद 2005 च्या कायद्यात आहे. मात्र संस्थेच्या आत वाटणी एकरावरच राहिली, तर मीटर संस्थेच्या दारात फिरतो आणि रानातली जादा पाळी फुकटच राहते.