सहा आठवडे उलटले की प्रश्न बदलतो

इंदूरहून धारकडे जाताना लागणाऱ्या बेटम्यात आणि आसपासच्या गावांत सोयाबीनची काढणी सुरू झाली की अंगभर गांधी उठलेले रुग्ण दवाखान्यात येतात. त्यातले बहुतेक दोन-तीन आठवड्यांत बरे होतात. ताप, घसा किंवा पोटाचा संसर्ग, नुकतेच घेतलेले अँटिबायोटिक किंवा वेदनाशामक ही त्यामागची नेहमीची कारणे, आणि मुलांत तर संसर्गच सर्वांत पुढे. हे संपादकीय मात्र न थांबणाऱ्या रुग्णांविषयी आहे, कारण आपला हात चुकतो तो तिथेच.

असा एक रुग्ण डोळ्यांपुढे आणू. चौतीस वर्षांची शेतमजूर बाई. काढणीच्या दिवसांत संध्याकाळी गांधी उठू लागल्या, ओठही दोनदा सुजले. कुणी पित्त म्हटले म्हणून वांगी, दही, शेंगदाणे सुटले. डेक्सामेथासोन आणि अ‍ॅव्हिलची सुई तीनदा झाली. दर वेळी दोन दिवस आराम पडला, मग पुन्हा तेच. आता सातवा आठवडा लागला आहे.

जवळजवळ रोज उठणाऱ्या गांधी सहा आठवड्यांपुढे गेल्या की तो जुनाट अर्टिकेरिया. तेव्हा ‘काय खाल्ले?’ हा प्रश्न मागे ठेवावा. खऱ्या अन्न-अ‍ॅलर्जीत गांधी बहुधा खाल्ल्यापासून मिनिटांत ते दोन तासांत उठतात आणि दर वेळी त्याच पदार्थाने उठतात. या बाईने वांगे सोडले तरी गांधी थांबल्या नाहीत. मग वांगे निर्दोष आहे, हे तिला स्पष्ट सांगायला हवे. बहुतेक जुनाट रुग्णांत बाहेरचे कारण नसते. शरीराचीच प्रतिपिंडे मास्ट पेशींना चेतवतात आणि त्यातून हिस्टामिन सुटते. म्हणूनच अ‍ॅलर्जीच्या मोठ्या पॅनेलवर तिचे पैसे घालवू नयेत. त्यात काही ‘पॉझिटिव्ह’ आले तरी ती संवेदनशीलता ठरते, आजाराचे कारण ठरत नाही, आणि बाईच्या ताटातले आणखी चार पदार्थ मात्र उगीच जातात.

त्याऐवजी बॉलपेन घ्या. ताज्या गांधीभोवती वर्तुळ काढा, वेळ लिहा आणि दुसऱ्या दिवशी बोलवा. साधी गांध चोवीस तासांच्या आत डाग न ठेवता विरते, नवी दुसरीकडे उठते. वर्तुळातली गांध तशीच असेल, खाजेपेक्षा जळजळ आणि दुखणे जास्त असेल किंवा जांभळट डाग उरत असेल, तर रक्तवाहिन्यांच्या दाहाची शंका धरून बायोप्सीसाठी पाठवा. सोबत ताप आणि सांधेदुखी असेल तरीही पाठवा. हातावर बोथट टोकाने रेघ ओढून दहा मिनिटे थांबा: उठावदार, खाजरी रेघ आली तर घर्षणाने उठणारा प्रकार निघतो. गार पाणी, घाम, पट्ट्याचा दाब यांचीही चौकशी करा.

मग औषधांची पिशवी रिकामी करून पाहा. कंबरदुखीसाठी ती डायक्लोफेनॅक घेते. अशा वेदनाशामकांनी जुनाट अर्टिकेरियाच्या बऱ्याच रुग्णांत गांधी भडकतात. ते थांबवून पॅरासिटामॉल द्या. गांधी नसताना फक्त सूज येत असेल, तर रक्तदाबाची एनालाप्रिल, रामिप्रिलसारखी गोळी विचारल्याशिवाय राहू नका. तपासण्या थोड्या पुरतात: रक्तपेशींची मोजणी, ईएसआर किंवा सीआरपी. इओसिनोफिल वाढलेले असतील तर शौचाची तपासणी करा, थायरॉइडची शंका आली तर त्याची प्रतिपिंडे पाहा.

उपचारात सर्वांत जास्त बिघडते ते ‘खाज आली की गोळी’ या सल्ल्याने. झोप न आणणारे अँटिहिस्टामिन रोज, ठरल्या वेळी, गांधी नसतानाही द्यायचे: बिलास्टिन २० किंवा फेक्सोफेनाडिन १८० मिलिग्रॅम. दोन ते चार आठवड्यांत ताबा आला नाही तर प्रौढांत तेच औषध चौपटीपर्यंत वाढवण्यास आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे मुभा देतात. हा वापर छापील मात्रेबाहेरचा आहे, हे रुग्णाला सांगा. मूत्रपिंड कमजोर असेल वा गर्भारपण असेल तर वाढवू नका. स्टेरॉइड फार तर तीव्र उसळीत, दहा दिवसांच्या आत. दर आठवड्याची सुई हा उपचार नव्हे. तिच्यामुळे साखर, रक्तदाब आणि हाडे बिघडतात आणि आजार जागचा हलत नाही.

गांधींसोबत श्वास लागला, आवाज बसला किंवा चक्कर आली, तर अँटिहिस्टामिनची वाट पाहू नका. प्रौढाला मांडीच्या बाहेरच्या स्नायूत अ‍ॅड्रिनलिन ०.५ मिलिग्रॅम द्या आणि मग हलवा.

चौपट मात्रेनेही भागले नाही तर रुग्ण इंदूरच्या एम. वाय. रुग्णालयात किंवा त्वचारोगतज्ज्ञाकडे धाडा. तिथे दर चार आठवड्यांनी ओमॅलिझुमॅब ३०० मिलिग्रॅमचा विचार होऊ शकतो. पाठवताना सात दिवसांची खाज आणि गांधींची नोंद, दिलेल्या गोळ्यांची नावे, मात्रा आणि टोचलेल्या प्रत्येक सुईचे नाव चिठ्ठीत लिहून द्या.