बाईंचा अर्ज

रविवारी संध्याकाळी बाईंचा फोन आला. "पत्रकार आहेस ना रे तू, एक अर्ज लिहिलाय, वाचून दे. इन्कम टॅक्सवाल्यांना द्यायचाय." बाई म्हणजे माझ्या चौथीच्या वर्गशिक्षिका. कामठीत ज्यांनी त्यांच्या हातचा मार खाल्लाय त्यांची संख्या मोठी आहे, म्हणून नाव लिहीत नाही. त्यांना विचारून, त्यांच्या परवानगीनेच ही पोस्ट लिहितोय.

अर्ज रेषांच्या कागदावर, मोत्यासारख्या अक्षरात. "मा. आयकर अधिकारी साहेब यांस, सविनय विनंती" असा सुरू झालेला. मग पती कधी वारले, गुडघ्याचं ऑपरेशन, मुलाची सुटलेली नोकरी, नातीची फी. दीड पान झाल्यावर शेवटच्या दोन ओळींत मुद्दा: माझ्यावर जी रक्कम निघाली आहे ती एकदम भरणे शक्य नाही, तरी कृपया हप्ते पाडून मिळावेत. खाली सही, तारीख. पॅन नंबर नाही, कोणत्या वर्षाची मागणी ते नाही, रक्कम किती ते नाही, हप्ता किती देणार तेही नाही.

मी म्हटलं, "बाई, निबंध छान आहे, पण यात गणित नाही." त्या हसल्या. मग एकदम म्हणाल्या, "मी काय चोरी केली का रे? सगळं तर बँकेतच येऊन राहिलं."

चोरी केलेली नाही. पण कर लागतो, हेही खरं. आणि ही गोष्ट कामठीतल्या बऱ्याच घरांत घडू शकते, म्हणून नीट सांगतो.

बाईंना दोन पेन्शनी आहेत. एक स्वतःची, शिक्षिका म्हणून. दुसरी नवऱ्याची, ते केंद्र सरकारच्या नोकरीत होते, त्यांच्या माघारी मिळणारं कुटुंब निवृत्तिवेतन. आर्थिक वर्ष 2022-23 मध्ये स्वतःची पेन्शन झाली 4 लाख 80 हजार. त्यातून 50 हजारांची प्रमाणित वजावट गेली की 4 लाख 30 हजार. जुन्या पद्धतीत करपात्र उत्पन्न 5 लाखांच्या आत असेल तर सूट मिळून कर शून्य होतो, म्हणून पेन्शन देणाऱ्यांनी काहीच कापलं नाही. बरोबरच केलं. कुटुंब निवृत्तिवेतन झालं 2 लाख 88 हजार. कायद्याच्या नजरेत ते पगार नाही, इतर उत्पन्न आहे, त्यामुळे त्यावर मुळातच टीडीएस कापला जात नाही. त्यातून 15 हजारांची वजावट, उरले 2 लाख 73 हजार. दोन्ही मिळून 7 लाख 3 हजार. पाच लाखांची वेस ओलांडली की सूटही जाते. ज्येष्ठ नागरिकाच्या जुन्या दराने कर 50,600 आणि 4 टक्के उपकर धरून 52,624. दोन्ही बाजूंनी पैसे देणाऱ्यांपैकी कोणाचीच चूक नाही, पण बेरीज करणारं मधे कोणीच नव्हतं. (ऑपरेशनचा खर्च दाखवता आला असता का, हे मी विचारलं. बाईंचा आरोग्य विमा नाही, आणि अशा ज्येष्ठांना उपचाराच्या खर्चाची 50 हजारांपर्यंत वजावट जुन्या पद्धतीत मिळते. पण ऑपरेशन नंतरच्या वर्षातलं, आणि बरेचसे पैसे रोख दिलेले. रोख दिलेला औषधोपचाराचा खर्च त्यात धरत नाहीत.)

रिटर्न बाईंनी वेळेत भरलं, जुलै 2023 मध्ये. बाजारातल्या एका दुकानात. दोन्ही पेन्शनी दाखवल्या. कर निघाला तेव्हा पोर्टलने विचारलं की आत्ता भरता की नंतर. दुकानदाराने 'नंतर' दाबलं आणि बाईंना सांगितलं, "झालं तुमचं." आणि संपर्कासाठी ईमेल आणि मोबाईल टाकला तो स्वतःचा. डिसेंबर 2023 मध्ये बेंगळुरूच्या प्रक्रिया केंद्रातून कलम 143(1) ची सूचना निघाली, 52,620 रुपये भरा. ती गेली दुकानदाराच्या ईमेलवर. तो पत्ता त्याने कधी उघडला असेल असं वाटत नाही. बाईंना कळलं या ऑगस्टमध्ये, दुसऱ्या एका मुलीने त्यांचं पोर्टल उघडून दिलं तेव्हा.

मागणीची सूचना मिळाल्यापासून 30 दिवसांत पैसे भरायचे असतात. त्यानंतर कलम 220(2) प्रमाणे दर महिन्याला 1 टक्का व्याज, महिन्याचा एक दिवस गेला तरी पूर्ण महिना धरून. बाईंच्या रकमेवर ते महिन्याला 526 रुपये होतं. जानेवारी 2024 पासून ऑगस्ट 2025 पर्यंत 20 महिने, म्हणजे 10,520. आणि हप्त्यांची सोय आहे ती कलम 220(3) मध्ये. अधिकारी मुदत वाढवू शकतो किंवा हप्ते पाडून देऊ शकतो, त्याला योग्य वाटतील त्या अटींवर. मात्र अर्ज त्या 30 दिवसांच्या आत यायला हवा. बाईंचे 30 दिवस त्यांना कागद दिसायच्या आधीच संपले होते. आता त्या कायद्याच्या भाषेत 'कसूरदार'. वर्गात गृहपाठ न आणणाऱ्याला त्या जो शब्द वापरायच्या तो यापेक्षा सौम्य होता.

मुदत गेल्यावरही अर्ज द्यावा का? माझं मत, द्यावाच. कसूरदार म्हटल्यावर अधिकारी कलम 226(3) खाली थेट बँकेला पत्र देऊन खात्यातली रक्कम वळती करून घेऊ शकतो, आणि बाईंच्या दोन्ही पेन्शनी बँकेतच येतात. वसुली करणारा माणूस कागद उघडेल तेव्हा वर एक नीट अर्ज आणि भरलेलं चलन असणं, आणि काहीच नसणं, यात फरक पडतो.

म्हणून आम्ही अर्ज नव्याने लिहिला. एक पान. वर पॅन, कर आकारणी वर्ष 2023-24, मागणीचा संदर्भ क्रमांक, रक्कम. मग मागणी मान्य आहे हे स्पष्ट वाक्य. इथे सगळ्यांना सांगतो, हे वाक्य लिहिण्याआधी आकडे दोनदा तपासा. कारण पोर्टलवर एकदा 'मागणी बरोबर आहे' असं उत्तर दिलं की नंतर हरकत घेता येत नाही. मागणीच चुकीची असेल तर आधी दुरुस्तीचा अर्ज, हप्त्याचा नाही. बाईंची बेरीज आम्ही तीन वेळा केली. बरोबर होती.

मग उशीर का झाला ते चार ओळींत, ईमेल कोणाचा होता त्याच्या स्क्रीनशॉटसह. मग महिन्याचा जमाखर्च: येतात किती, औषधांना किती, बहिणीकडून ऑपरेशनसाठी घेतलेल्या पैशांची परतफेड किती. आणि शेवटी जी गोष्ट पहिल्या अर्जात नव्हती ती, वेळापत्रक. 12,620 आत्ताच भरले, चलन जोडलं आहे. उरलेले 40 हजार दर महिन्याच्या 5 तारखेला 8 हजारांप्रमाणे पाच महिन्यांत. थोडे पैसे आधी भरायला कोणाची परवानगी लागत नाही. पोर्टलवर ई-पे टॅक्समध्ये नियमित आकारणीचा कर, कोड 400, निवडून मागणीतला काही भाग भरता येतो, आणि तेवढ्यावरचं व्याज त्या दिवसापासून थांबतं.

आता जरा हिशेब बघा. 40 हजारांचे पाच हप्ते पाडले तर पुढचं व्याज किती? पहिल्या महिन्याला 400, मग 320, 240, 160, 80. एकूण 1,200 रुपये. म्हणजे बाई फुकट मुदत मागत नाहीयेत, विकत घेतायत. सरकारचं नुकसान शून्य. मग हप्ते देणं ही अधिकाऱ्याची मर्जी का असावी? मला हे पटत नाही. शिवाय या अर्जावर किती दिवसांत उत्तर द्यायचं याची मुदत त्या कलमात नाही. व्याज माफीचा अर्ज वेगळा असतो, कलम 220(2ए) चा, तो प्रधान आयुक्तांकडे जातो आणि त्यावर 12 महिन्यांत निर्णय द्यावाच लागतो. माफी मागणाऱ्याला मुदत आहे, फेडतो म्हणणाऱ्याला नाही!

पोर्टलवरही तेच. मागणीला उत्तर द्यायला गेलं की मान्य आहे म्हणा किंवा अमान्य आहे म्हणा. 'मान्य आहे, पण एकदम जमत नाही' असं म्हणणाऱ्या माणसाला सरळ जागा नाही. म्हणून बाईंना कागद घेऊन नागपूरला जावं लागणार. ज्या शहरात देशभरातले आयकर अधिकारी घडवणारी अकादमी आहे, तिथेच. (एवढं एक सांगू द्या.)

आणि सरकारला हप्ते कळत नाहीत असंही नाही. राज्य सरकारवर सातव्या वेतन आयोगाची 2016 ते 2018 ची थकबाकी निघाली, तेव्हा ती पाच वर्षांच्या पाच हप्त्यांत द्यायचं ठरलं. राज्य वेगळं, केंद्र वेगळं, मान्य. पण तिजोरीला एकदम जमत नाही हे आपण सगळ्यांनी समजून घेतलं होतं. केंद्राने फेब्रुवारी 2024 च्या अंतरिम अर्थसंकल्पात 2009-10 पर्यंतच्या 25 हजारांच्या आणि 2010-11 ते 2014-15 च्या 10 हजारांच्या आतल्या जुन्या मागण्या चक्क सोडून दिल्या. त्याबद्दल तक्रार नाही. बाई सोडून द्या म्हणत नाहीत, पाच महिने द्या म्हणतात.

माझं मागणं साधं आहे. एक लाखापर्यंतची मागणी, निवृत्त माणूस, मागणी मान्य आणि पाव हिस्सा आधी भरलेला, एवढं असेल तर बारा महिन्यांपर्यंतचे हप्ते पोर्टलनेच आपोआप द्यावेत. व्याज चालू ठेवा. एक हप्ता चुकला तर सवलत रद्द करा. आणि तीस दिवस मोजायचे ते करदात्याच्या स्वतःच्या मोबाईलवर निरोप पोचल्यापासून. दुकानदाराच्या ईमेलपासून नको.

काही जण म्हणतील, आता तर नव्या पद्धतीत 12 लाखांपर्यंत कर नाही, मग हे कशाला? ते 2025-26 पासून. 2022-23 ची मागणी त्याने पुसली जात नाही.

व्याज माफीचा अर्जही आम्ही वेगळा तयार केलाय. त्यात तीन गोष्टी दाखवाव्या लागतात, तिन्ही: भरताना खरी अडचण होईल, उशीर आपल्या हाताबाहेरच्या कारणाने झाला, आणि वसुलीत सहकार्य केलं. तिसरीसाठी 12,620 चं चलन कामी येईल. दुसरीवर अधिकारी विचारतील की दुकानदार तुम्हीच निवडला होता ना. बघू.

घरात ज्यांना दोन पेन्शनी येतात, म्हणजे स्वतःची आणि जोडीदाराची, त्यांनी आज एवढं करा. पोर्टल स्वतःच्या पॅनने उघडा, प्रोफाइलमध्ये मोबाईल आणि ईमेल कोणाचा आहे ते बघा, आणि 'Response to Outstanding Demand' मध्ये काही पडून आहे का ते बघा.

आम्ही बुधवारी सकाळच्या बसने जातोय. दोन प्रती घेतल्यात. एक त्यांना द्यायची, दुसरीवर आवक शिक्का मारून आणायची. बाई म्हणाल्या, "शिक्क्याशिवाय उठायचं नाही तिथून." पहिल्या अर्जाचं दीड पान त्यांनी घडी करून पर्समध्येच ठेवलंय. साहेबांनी विचारलं तर द्यायला.