धुणे, इस्त्री आणि ड्रायक्लीन: महिन्याचा खरा हिशेब



टूनगॅबी, पेंडल हिल, गिरावीन, वेंटवर्थविल या पट्ट्यात चार मराठी कुटुंबे जेवायला जमली की घरांच्या किमती आणि सिलेक्टिव्ह शाळा यांच्यानंतर हमखास निघणारा विषय म्हणजे इस्त्री. कोण नगाला किती घेते, कोणाकडे कॉलर नीट होते, कोण घरी आणून देते. या चर्चेत एक वाक्य ठरलेले असते: "दीड डॉलरला शर्ट मिळतोय, घरी कशाला घाम गाळायचा?" हे दीड डॉलर खरोखर स्वस्त आहेत का, आणि असतील तर कोणाच्या जिवावर, हे एकदा आकडे मांडून पाहावे असे मला वाटले.

उदाहरणासाठी एक नेहमीचे घर घेऊ. नवराबायको दोघेही नोकरीत आणि दोन मुले शाळेत. आठवड्याला साधारण पाच वेळा मशीन लागते, म्हणजे महिन्याला 22 वेळा. इस्त्रीचे कपडे महिन्याला 80: मोठ्यांचे ऑफिसचे 40, मुलांचे युनिफॉर्मचे शर्ट 30 आणि कुर्ते-पँटी मिळून 10. खालचे दर आमच्या घरच्या बिलांच्या आसपासचे आणि पूर्णांकात घेतले आहेत. आपापल्या बिलावरचे आकडे घालून हाच हिशेब कोणालाही करता येईल.

आधी घरचे धुणे. समोरून उघडणारे आठ किलोचे मशीन एका वेळी साधारण 70 लिटर पाणी घेते. 22 वेळांचे झाले दीड हजार लिटर, आणि हजार लिटरला 3 डॉलर धरले तर साडेचार डॉलर. थंड पाण्यात धुतले तर एका वेळी जेमतेम 0.3 युनिट वीज जाते. युनिटला 35 सेंट धरले तर महिन्याचे सव्वादोन डॉलर होतात. पाणी 40 अंशांपर्यंत तापवले की वीज तिपटीने वाढते, पण तरी महिन्याला फरक पडतो तो चार-पाच डॉलरचाच. पावडरचे साडेसहा डॉलर. हजार डॉलरचे मशीन दहा वर्षे चालले तर महिन्याला आठ डॉलर आणखी. सगळे मिळून 22 डॉलर.

यातली पावडर बहुतेक घरांत गरजेपेक्षा जास्त पडते. सिडनीचे पाणी मृदू आहे. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्याची सवय लागलेला हात इथेही तेवढीच पावडर ओततो. ती पूर्ण निघत नाही, टॉवेल कडक होतात, काळ्या कपड्यांवर पांढुरके पट्टे राहतात. ओळखायची खूण सोपी आहे: धुतलेले टॉवेल पावडर न घालता पुन्हा मशीनमध्ये फिरवा आणि काचेतून पाहा. फेस दिसला तर तो आधीचा साठलेला आहे. माप निम्मे करा.

घरच्या धुण्यात पैसे खाणारी गोष्ट एकच, ती म्हणजे ड्रायर. गरम हवा बाहेर टाकणारा जुन्या पद्धतीचा ड्रायर एका वेळेला चार युनिट घेतो, म्हणजे 1 डॉलर 40 सेंट. सगळे कपडे त्यात वाळवले तर महिन्याला 31 डॉलर, धुण्यापेक्षाही जास्त. हीट पंपाचा ड्रायर याच्या निम्म्याहून कमी विजेत काम करतो, पण विकत घ्यायला बराच महाग आहे. 2022 साली सिडनीत आजवरच्या नोंदींतला सर्वांत जास्त पाऊस पडला. तसे वर्ष आले तर ड्रायरला पर्याय नाही. एरवी इथल्या उन्हात परसातल्या दोरीवर दुपारपर्यंत कपडे वाळतात. महिन्यात सहा वेळा ड्रायर धरला तर आणखी 8 डॉलर. तर घरच्या धुण्याचे झाले 30 डॉलर.

आता इस्त्री. घरी 80 कपड्यांना वीज लागते दोन डॉलरचीसुद्धा नाही. शेजारच्या इस्त्रीवाल्या ताईंकडे दीड डॉलरने 120 डॉलर. आणि ड्रायक्लीनरच्या दुकानात शर्टाला 5 डॉलर धरले तर 400. (दुकानात शर्ट बहुधा ड्रायक्लीन होतच नाही. तो पाण्यातच धुऊन मोठ्या प्रेसवर दाबला जातो.) म्हणजे 2, 120 आणि 400. इथे बहुतेकांचा हिशेब संपतो आणि मधला आकडा "परवडणारा" ठरतो.

पण या तिन्ही आकड्यांत एक रकाना राहून गेला आहे, तो वेळेचा. कपडे वेगळे करणे, मशीन भरणे, वाळत घालणे, काढणे, घड्या घालणे, ज्याच्या त्याच्या कपाटात ठेवणे, याला एका मशीनमागे 25 मिनिटे धरा. 22 वेळांचे झाले नऊ तास. इस्त्रीला कपड्यामागे चार मिनिटे धरली तर 80 कपड्यांचे पाच तास वीस मिनिटे. एकूण साडेचौदा तास. 2025-26 साठी ऑस्ट्रेलियातले किमान वेतन तासाला 24 डॉलर 95 सेंट ठरले. त्या दराने या तासांची किंमत 360 डॉलर होते. "घरी 32 डॉलरमध्ये होते" असे आपण म्हणतो तेव्हा ते 360 डॉलर कोणीतरी रोज संध्याकाळी न मागता देत असते. ते कोण, हे प्रत्येकाने आपल्या घरी पाहावे. ऑस्ट्रेलियन सांख्यिकी खात्याच्या 2020-21 च्या पाहणीत स्त्रिया दिवसाला सरासरी साडेचार तास बिनपगारी काम करताना दिसल्या आणि पुरुष सव्वातीन तासांच्या आत. दोघेही नोकरी करणाऱ्या मराठी घरांत चित्र फार वेगळे असेल असे मला वाटत नाही.

आणि हे काम आपण बाहेर दिले की तो बिनपगारी वेळ नाहीसा होत नाही. तो दुसऱ्या बाईच्या अंगावर जातो. ताईंना शर्टाला चार मिनिटे लागतात, पण बोचके घेणे, कपडे मोजणे, हँगरला लावणे, कोणाचे कोणते हे लक्षात ठेवणे आणि फोनला उत्तरे देणे यांचे नगाला आणखी एक मिनिट तरी जाते. म्हणजे तासाला 12 नग. दीड डॉलरने तासाचे झाले 18 डॉलर. त्यातून वीज आणि हँगर त्यांचेच. किमान वेतनापेक्षा हे जवळजवळ 7 डॉलरने कमी आहे. यात बेकायदा काही नाही, कारण किमान वेतन नोकरदाराला लागू असते आणि ताई कागदोपत्री स्वतःचा धंदा करतात. लाँड्रीच्या कारखान्यात हेच काम करणाऱ्या बाईला ड्रायक्लीनिंग आणि लाँड्री उद्योगाचा अवॉर्ड लागू होतो, रजा मिळते, सुपरॲन्युएशन मिळते. घरच्या टेबलावर यातले काहीच नाही.

यावर दोन उत्तरे ऐकू येतात. पहिले, "पुण्यात तर आठ-दहा रुपयांत होते." पण ताई भाडे पुण्यात भरत नाहीत, टूनगॅबीत भरतात. दुसरे, "त्यांनीच हा दर सांगितला, आपण का वाढवायचा?" दर त्यांनी सांगितला हे खरे, पण तो ठरला पलीकडच्या गल्लीत सव्वा डॉलर घेणाऱ्या बाईमुळे. अनेकींना इंग्रजीची अडचण असते, लहान मूल घरी असते किंवा इथे त्यांच्या पदवीला कोणी विचारत नाही. गावगाड्यात परटाचे बलुते रूढीने ठरत असे, त्याने किती कपडे धुतले यावरून नव्हे. आपण त्या व्यवस्थेवर टीका करतो. मग इथे "चालू दर" नावाची नवी रूढी डोळे मिटून का पाळायची?

मग किती द्यावे? रजा नसलेल्या कॅज्युअल कामगाराला किमान वेतनावर 25 टक्के जास्त मिळतात, म्हणजे तासाला 31 डॉलर 19 सेंट. बाराने भागले की नगाला 2 डॉलर 60 सेंट. माझ्या मते रास्त भावाची ही खालची पायरी आहे. 80 नगांचे 208 डॉलर होतील आणि पुष्कळांना ते जड वाटेल, हे मान्य आहे.

तोड नगांच्या संख्येत आहे. सुती कपड्याला सुरकुती कायमची बसते ती वाळताना. ओल्या धाग्यातले बंध सैल झालेले असतात, आणि कापड ज्या आकारात वाळते त्या आकारात ते पुन्हा घट्ट होतात. म्हणून मशीन थांबल्यावर कपडे तासभर आत पडू देऊ नका. शर्टांसाठी पिळण्याचा वेग 1400 ऐवजी 800 ठेवा, जोरात झटका आणि बटणे लावून हँगरवरच वाळवा. मुलांचे युनिफॉर्म बहुधा पॉलिएस्टर मिसळलेले असतात. ते असे वाळवले तर इस्त्री लागतच नाही. शुद्ध सुती आणि लिननच्या शर्टांना मात्र ही युक्ती पुरत नाही. तरीही 80 चे 40 सहज होतात. 40 नग 2 डॉलर 60 ने झाले 104 डॉलर, आजच्या 120 पेक्षा कमीच.

ताईंच्या बाजूनेही पाहू. त्यांचे महिन्याला 16 डॉलर कमी झाले, पण काम 6 तास 40 मिनिटांवरून 3 तास 20 मिनिटांवर आले. मोकळ्या झालेल्या वेळात त्याच दराने दुसरे गिऱ्हाईक मिळाले तर त्यांचा फायदा आहे. न मिळाले तर तोटा. म्हणून हे एका घराने करून भागणार नाही. एका रस्त्यावरच्या पाच-सहा घरांनी मिळून दर वाढवला तरच त्याला अर्थ आहे.

ड्रायक्लीनबद्दल थोडक्यात. सुटाला 28 आणि रेशमी साडीला 20 डॉलर धरले, वर्षात सूट चार वेळा आणि साड्या सहा वेळा दिल्या, तर महिन्याला सरासरी 20 डॉलर येतात. एकदा नेसलेली पैठणी दर वेळी द्यायची गरज नसते. सावलीत वाऱ्यावर टाका आणि डाग असेल तरच द्या. घाम आणि चहा हे पाण्यातले डाग आहेत. ड्रायक्लीनच्या द्रावणात ते आपोआप निघत नाहीत, म्हणून देताना बोटाने दाखवा. कपडा घरी आल्यावर उग्र वास येत असेल तर द्रावण पूर्ण उडालेले नाही. तो परत करा. अनेक दुकानांत वापरले जाणारे पर्क्लोरोइथिलीन हे द्रावण ड्रायक्लीनिंगमधून दहा वर्षांत हद्दपार करण्याचा नियम अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने डिसेंबर 2024 मध्ये केला. त्या वासात दिवसभर उभे राहणाऱ्या कामगाराला धोका आपल्यापेक्षा कितीतरी जास्त असतो.

तर महिन्याचा गोषवारा असा:

सगळे घरी: 32 डॉलर आणि साडेचौदा तास.
धुणे घरी, 80 नग दीड डॉलरने: 150 डॉलर आणि नऊ तास.
धुणे घरी, 40 नग 2 डॉलर 60 ने: 134 डॉलर आणि नऊ तास.
धुणे घरी, 80 नग दुकानात: 430 डॉलर आणि नऊ तास.
प्रत्येकात ड्रायक्लीनचे 20 डॉलर वेगळे.

माझी पसंती तिसऱ्या ओळीला आहे. पण त्या ओळीतलेही नऊ तास अजून शिल्लक आहेत, आणि ते कोणत्याही ताईंकडे पाठवता येत नाहीत. ते घरातच वाटून घ्यावे लागतील. निम्मे म्हणजे महिन्याला साडेचार तास, आठवड्याला जेमतेम एक तास. शनिवारी सकाळी दोरीवर कपडे घालायला आणि रविवारी टीव्हीसमोर घड्या घालायला तेवढा वेळ प्रत्येक पुरुषाकडे असतो.