समजून घ्या : जमिनीचा 'सरासरी' दर काढतात कसा? यादीतली दोन खरेदीखतं काढली की लाखांचा फरक

रस्त्यासाठी किंवा प्रकल्पासाठी जमीन जाणार म्हटलं की गावात पहिला प्रश्न येतो तो दराचा. सरकारी कागदावर उत्तर 'सरासरी विक्री किंमत' या तीन शब्दांत असतं. पण सरासरी अनेक प्रकारे निघते. कोणती खतं धरायची आणि त्यांची बेरीज कशी करायची, यावर एकाच गावातल्या एकाच जमिनीचा दर दुपटीहून अधिक बदलू शकतो.

कुपवाडचा परिसर या प्रश्नासाठी अगदी नमुनेदार आहे. १९९८ मध्ये सांगली आणि मिरजेसोबत महापालिकेत आलेलं हे गाव. शेजारी एमआयडीसी, बाजूला बामणोली, सावळीसारखी गावं. इथं डांबरी रस्त्याला लागून असलेला बिगरशेती प्लॉट आणि त्याच्या मागे पाणंदीनं जावं लागणारं शेत यांच्या दरात जमीन-अस्मानाचा फरक असतो. दोन्हींची खरेदीखतं मात्र एकाच दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदली जातात आणि एकाच यादीत येतात.

दहा खतांची यादी

समजा, अशा एखाद्या गावात मागच्या तीन वर्षांत दहा खरेदीखतं झाली. हे आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत. गुंठ्याचा दर लाख रुपयांत असा : २.०, २.२, २.४, २.४, २.४, २.४, २.६, २.८, ९.० आणि १६.८. शेवटची दोन खतं रस्त्याकडेच्या छोट्या एनए प्लॉटची, बाकी आठ शेतजमिनीची.

दहाही दरांची बेरीज ४५ लाख होते. दहानं भागलं की सरासरी येते ४.५ लाख. आता यादी पुन्हा पाहा. साडेचार लाखांनी गावात कोणीच जमीन विकलेली नाही, त्याच्या आसपासही नाही. २.८ नंतर यादी थेट ९ वर उडी मारते. म्हणजे आलेला आकडा ना शेताचा आहे, ना प्लॉटचा.

दहावीच्या पुस्तकात या सरासरीशेजारीच 'मध्यक' होता. दर चढत्या क्रमानं मांडायचे आणि बरोबर मधला घ्यायचा. संख्या सम असेल तर मधल्या दोघांची सरासरी. इथं पाचवा आणि सहावा दर, दोन्ही २.४. मध्यक २.४ लाख. सगळ्यात वरचा प्लॉट १६.८ ऐवजी ५० लाखांनी गेला असता तरी मध्यक जागचा हलला नसता. सरासरी मात्र ७.८२ लाखांवर गेली असती.

मोजक्या नोंदी एका बाजूला फार लांब गेल्या की आकडेवारी 'कललेली' आहे असं म्हणतात. जमिनीचे दर, पगार, घरांच्या किमती बहुतेक वेळा अशाच कललेल्या असतात, आणि कल जवळजवळ नेहमी वरच्या बाजूला असतो. खाली शून्याची मर्यादा असते, वर कसलीच नसते. अशा यादीत 'इथल्या साध्या शेतकऱ्याची जमीन कितीला गेली' हे विचारायचं असेल तर मध्यक प्रामाणिक उत्तर देतो.

मग कायद्यात मध्यक का नाही?

२०१३ च्या भूसंपादन कायद्याचं कलम २६ बाजारमूल्य ठरवण्याची पद्धत सांगतं. एक आकडा मुद्रांक शुल्कासाठी ठरलेल्या किमतीचा, म्हणजे आपल्याकडे रेडी रेकनरचा. दुसरा आकडा जवळच्या गावातल्या किंवा परिसरातल्या तशाच प्रकारच्या जमिनीच्या सरासरी विक्री किमतीचा. खासगी कंपनी किंवा सरकारी-खासगी भागीदारीच्या प्रकल्पात संमतीनं ठरलेली रक्कमही यात येते. यातला जो सर्वांत जास्त, तो धरायचा. राष्ट्रीय महामार्गांच्या संपादनालाही २०१५ पासून याच कायद्यातल्या मोबदल्याच्या तरतुदी लागू आहेत.

खरी मेख या कलमाच्या स्पष्टीकरणांत आहे. आधीच्या तीन वर्षांतली खतं घ्यायची, पण सगळी नाही. ज्यांत सर्वांत जास्त किंमत नोंदली आहे अशी निम्मी खतं घेऊन फक्त त्यांची सरासरी काढायची. आपल्या यादीत वरची पाच म्हणजे २.४, २.६, २.८, ९.० आणि १६.८. बेरीज ३३.६, सरासरी ६.७२ लाख.

मध्यक २.४, साधी सरासरी ४.५ आणि कायद्याची सरासरी ६.७२. तिन्ही आकडे एकाच यादीचे. शाळेतल्या गणिताच्या नजरेनं तिसरा आकडा फुगवलेला वाटेल. पण कायद्यानं खालची निम्मी खतं उगाच सोडलेली नाहीत.

मध्यकावर विश्वास ठेवताना एक गोष्ट आपण गृहीत धरतो : नोंदी खऱ्या आहेत आणि चुका असल्याच तर दोन्ही बाजूंना आहेत. खरेदीखतात तसं नसतं. मुद्रांक शुल्क वाचवण्यासाठी किंवा रोखीचा व्यवहार झाकण्यासाठी कागदावर किंमत कमी लिहिली जाते. मुद्दाम जास्त लिहिणारा क्वचितच सापडतो. चूक एकाच बाजूला आहे.

शिवाय महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क खतातली किंमत आणि रेडी रेकनरची किंमत यांपैकी जी जास्त तिच्यावर लागतं. साहजिकच अनेक खतांत रेकनरएवढीच किंमत दिसते. आपल्या यादीतली चार खतं बरोबर २.४ वर आहेत. त्या गावाचा रेकनर दरही २.४ लाख असेल, तर मध्यकानं बाजाराचा भाव सांगितलाच नाही. त्यानं सरकारी तक्ताच परत वाचून दाखवला. ओळखायची खूण सोपी आहे : यादीतला सर्वांत जास्त वेळा आलेला दर, म्हणजे बहुलक, आणि रेकनरचा दर रुपयागणिक जुळला की ती खतं पुरावा म्हणून कच्ची समजावीत.

भांडण खतं वगळण्यावर

अर्थात कायद्याच्या पद्धतीलाही दुखरी जागा आहे. मध्यक जितका स्थिर, तितकीच वरच्या निम्म्यांची सरासरी नाजूक. त्याच कलमाच्या चौथ्या स्पष्टीकरणानुसार, एखादी किंमत प्रत्यक्ष बाजारभाव दाखवत नाही असं जिल्हाधिकाऱ्यांचं मत झालं तर ती वगळता येते.

समजा, रस्त्याकडेची दोन्ही खतं 'ही एनए जमीन आहे, तशाच प्रकारची नाही' म्हणून वगळली. आठ उरली. वरची चार : २.४, २.४, २.६, २.८. सरासरी २.५५ लाख. म्हणजे दर ६.७२ वरून २.५५ वर, गुंठ्यामागे ४.१७ लाखांचा फरक. मध्यक मात्र तेव्हाही २.४ होता, आताही २.४.

२० गुंठे जाणाऱ्या शेतकऱ्यासाठी हा फरक ८३ लाख ४० हजार रुपयांचा आहे. महापालिका हद्दीसारख्या शहरी भागात गुणक १ असतो. त्यावर १०० टक्के दिलासा रक्कम धरली की फरक १ कोटी ६६ लाख ८० हजारांवर जातो. सगळा दोन खतांचा खेळ.

वगळणं चूकच, असंही नाही. त्या प्लॉटना रस्ता आहे, बिगरशेतीची परवानगी आहे, आकार लहान आहे. छोट्या प्लॉटचा दर मोठ्या शेताला तसाच लावता येत नाही. म्हणूनच जुन्या कायद्याखालच्या प्रकरणांत न्यायालयं अनेकदा विकासखर्चापोटी साधारण एक तृतीयांश कपात करत. पण संपादित होणारं शेत त्याच रस्त्याला लागून असेल, तर ती खतं वगळणं म्हणजे पुरावाच बाजूला करणं. म्हणून वगळलेल्या प्रत्येक खताचं कारण निवाड्यात काय दिलं आहे, हे वाचायला हवं. नुसता 'सरासरी दर' पाहून काहीच कळत नाही.

हा पेच नवा नाही. कोकण रेल्वेसाठी गोव्यात गेलेल्या जमिनीच्या 'अंजनी मोलू देसाई विरुद्ध गोवा राज्य' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये जुन्या कायद्याखाली नेमकं यावर बोट ठेवलं. तशाच जमिनींच्या अनेक विक्री असतील तर साधारणपणे सर्वांत जास्त किमतीची खरी विक्री धरावी, आणि सरासरी तेव्हाच काढावी जेव्हा किमती एका अरुंद पट्ट्यात आहेत. संख्याशास्त्राच्या भाषेतही सल्ला हाच आहे : आधी पसारा बघा, मग सरासरी. २.० ते २.८ हा अरुंद पट्टा झाला. २.० ते १६.८ हा नाही.

साधी सरासरी कधी बरोबर?

एकूण रक्कम हवी असेल तेव्हा. संपादनासाठी किती कोटी ठेवायचे, हे मध्यकावरून कधीच निघणार नाही, कारण मध्यक गुणिले संख्या म्हणजे बेरीज नव्हे. पण तिथंही क्षेत्राचा हिशेब घ्यावा लागतो. आपल्या उदाहरणात आठ शेतं मिळून ३०० गुंठे २.४ च्या आसपास गेली आणि प्लॉट ५ व २ गुंठ्यांचे होते असं धरलं, तर एकूण पैसे भागिले एकूण गुंठे ही सरासरी साधारण २.६ लाख येते. ४.५ चा आकडा २ गुंठ्यांच्या प्लॉटला ४० गुंठ्यांच्या शेताइतकंच वजन देऊन बसला होता.

'प्रत्येक खातेदाराला सरासरी इतके लाख' अशी घोषणा ऐकतानाही हे लक्षात असावं. तिथं एकूण मोबदल्याला खातेदारांच्या संख्येनं भागलेलं असतं. चार मोठ्या खातेदारांची जमीन गेली की आकडा चढतो, अर्धा-पाऊण एकरवाल्याच्या हातात काय आलं ते त्यातून दिसत नाही. अशा वेळी मध्यक मागावा.

मोबाईलवर कसं तपासाल?

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या igrmaharashtra.gov.in या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये गाव, वर्ष आणि मिळकत क्रमांक टाकून खतांची सूची क्रमांक २, म्हणजे इंडेक्स टू, पाहता येते. त्यात मोबदला, बाजारभाव आणि क्षेत्रफळ हे तिन्ही आकडे असतात. मोबदल्याला क्षेत्रफळानं भागून दर काढा आणि स्प्रेडशीटमध्ये एका रकान्यात उतरत्या क्रमानं लावा. दहा खतं असतील तर :

```
=AVERAGE(B2:B11)
=MEDIAN(B2:B11)
=AVERAGE(B2:B6)
```

पहिल्या ओळीत साधी सरासरी, दुसरीत मध्यक, तिसरीत वरच्या निम्म्यांची सरासरी. क्षेत्रफळ कुठं चौरस मीटरमध्ये, कुठं हेक्टर-आरमध्ये दिलेलं असतं, ते आधी एका मापात आणा. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. एखादा दर बाकीच्यांच्या शंभरपट दिसला तर तो बहुधा मापाचा घोळ असतो, बाजारभाव नव्हे. आधीच्या संपादनात मिळालेला मोबदला यादीत धरू नका, तो वगळायला कायदाच सांगतो.

निवाड्यातल्या यादीत नसलेलं खत तुमच्या यादीत सापडलं, तर त्याची प्रत काढून ठेवा. मोबदला मान्य नसेल तर कलम ६४ खाली प्रकरण भूसंपादन प्राधिकरणाकडे पाठवण्याची मागणी करता येते. निवाड्याच्या वेळी हजर असलेल्यांना त्यासाठी सहा आठवड्यांची मुदत आहे. राष्ट्रीय महामार्गाच्या संपादनात हाच वाद लवादापुढे जातो.