पाया प्या, पण प्रोटीनच्या हिशेबात धरू नका

हाड मोडलं की पाया सूप, पावसात घसा धरला की पाया सूप, बाळंतिणीला पाया सूप. हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. आता तेच सूप इंग्रजी नाव घेऊन परत आलंय. 'बोन ब्रॉथ' म्हटलं की तोच पाया अचानक जिमच्या डब्यात, स्किनकेअरच्या रीलमध्ये आणि महागड्या सॅशेमध्ये दिसायला लागतो. 'कोलॅजन आहे, त्वचा चमकेल, सांधे सुटतील, सकाळी एक मग प्यायलात की नाश्त्याची गरज नाही!' माझं म्हणणं एवढंच आहे, की पाया जरूर प्या, पण नाश्ता सोडू नका. का, ते सांगते.

आधी नावांचा गोंधळ मिटवू. कोल्हापूरकडे मटण हळद, मीठ, आलं-लसूण लावून शिजवतात आणि त्याचं पाणी, म्हणजे अळणी, पांढऱ्या रश्श्यात जातं. मांस शिजवून तयार झालेलं हे चवदार पाणी म्हणजे ब्रॉथ. ते तासाभरात होतं. हॉटेलच्या किचनमध्ये चिकनच्या हाडांचा सांगाडा तीन-चार तास मंद आचेवर ठेवून, बहुतेकदा मीठ न घालता, जे पाणी काढतात तो स्टॉक. तो पुढे दुसऱ्या पदार्थात वापरायचा असतो. तीच हाडं बारा ते चोवीस तास उकळली की त्याला बोन ब्रॉथ म्हणतात. थोडक्यात, बोन ब्रॉथ म्हणजे जास्त वेळ उकळलेला स्टॉक. आणि सूप म्हणजे यातल्या कशापासूनही, किंवा नुसत्या पाण्यापासून, बनवलेला तयार पदार्थ. चायनीजच्या गाडीवरचं मंचाव दाट असतं ते हाडांमुळे नाही, कॉर्नफ्लोअरमुळे.

आता कोलॅजनकडे येऊ. कातडी, शिरा, कूर्चा आणि हाडं यांना घट्ट धरून ठेवणारं हे प्रथिन. त्याचे तीन धागे दोरीसारखे एकमेकांत पिळलेले असतात. पाण्यात बराच वेळ गरम केलं की पीळ सुटतो आणि त्याचं जिलेटिन होतं. म्हणून तासापेक्षाही महत्त्वाचं आहे ते भांड्यात तुम्ही काय टाकलंय. पायांमध्ये मांस जवळपास नसतंच, सगळी कातडी, शिरा आणि कूर्चा. म्हणून चार पाय जे देतात, ते नळीची चार हाडं देत नाहीत. नळीतून मिळते ती मुख्यतः चरबी.

घरी करून बघा. बकऱ्याचे चार पाय, ते जेमतेम बुडतील एवढंच पाणी, कुकरला पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करून तासभर. कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या आसपास जात असल्यामुळे साध्या पातेल्यातलं कित्येक तासांचं काम तिथे लवकर होतं. गाळा, थंड करा आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी वर चरबीचा पांढरा थर असेल आणि खाली हलवली की थरथरणारी जेली. ती जेली म्हणजे जिलेटिन. कॉर्नफ्लोअरचं सूपही थंड झाल्यावर गोठतं, मग फरक कसा ओळखायचा? गरम करा. जिलेटिनची जेली लगेच वितळून पुन्हा पाण्यासारखी पातळ होते, कॉर्नफ्लोअरचं सूप दाटच राहतं.

जेली झाली नाही, तर दोनच शक्यता जास्त. एक, पाणी जास्त झालं. दुसरी, खूप जास्त वेळ उकळलं. चोवीस तासांनी जिलेटिनचे धागेच तुटून इतके आखूड होतात, की ते एकमेकांना धरू शकत नाहीत. प्रथिन तिथेच असतं, जेली मात्र होत नाही. म्हणजे 'जितके तास जास्त, तितकं पौष्टिक' हेही खरं नाही.

खरा प्रश्न पुढे आहे. एवढी छान जेली आली, त्यात नक्की आहे काय? घरच्या चांगल्या स्टॉकच्या मोठ्या कपात साधारण सहा ग्रॅम प्रथिन असतं, एका अंड्याइतकं. आकडा सारखा, पण माल सारखा नाही. शरीराला आहारातून मिळावीच लागणारी नऊ अमिनो आम्लं आहेत आणि त्यांतलं ट्रिप्टोफॅन कोलॅजनमध्ये अजिबात नसतं. अंड्यात नऊच्या नऊ असतात. त्यामुळे नुसत्या जिलेटिनवर शरीर स्नायू बांधू शकत नाही.

ही नवी माहिती नाही बरं का. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये दार्से नावाच्या रसायनतज्ज्ञाने हाडांतून जिलेटिन काढून गरिबांना आणि दवाखान्यातल्या रुग्णांना त्याचं सूप द्यायची योजना पुढे आणली. मांसाऐवजी स्वस्त सूप! तक्रारी वाढल्या, तेव्हा फ्रेंच विज्ञान अकादमीने मॅजेंडी यांच्या नेतृत्वाखाली समिती नेमली. १८४१च्या अहवालाचा निष्कर्ष होता, की जिलेटिन मांसाची जागा घेऊ शकत नाही. फक्त जिलेटिनवर ठेवलेले कुत्रे खंगत गेले होते. ट्रिप्टोफॅनचा शोध लागला तो त्यानंतर साठ वर्षांनी, १९०१ मध्ये. आज रीलमध्ये विकली जाते ती कल्पना जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीच नापास झालीय.

मग 'कोलॅजन खाल्लं की त्वचेत जातं' याचं काय? पोटात गेल्यावर त्याचे तुकडे होतात आणि ते तुकडे कुठे वापरायचे हे शरीर ठरवतं. पेप्टाइड पावडरवर काही छोटे अभ्यास झालेत आणि त्यांत त्वचेच्या ओलाव्यात थोडा फरक दिसलाय. पण तिथे मोजून ठरावीक डोस दिला जातो. तुमच्या कुकरमधला डोस रोज वेगळा असतो.

कॅल्शियमचंही तसंच. हाडात कॅल्शियम भरपूर, म्हणून रश्श्यातही भरपूर, असं वाटतं. पण हाडातलं खनिज पाण्यात फारसं विरघळत नाही, म्हणून तर हाड उकळूनही हाडच राहतं. लंडनमध्ये १९३४ साली मॅकॅन्स, शेल्डन आणि विडोसन यांनी हाडांचे रस्से मोजले, तेव्हा कॅल्शियम अगदीच कमी निघालं. भाज्या घातल्यावर खनिजं वाढली. त्यापेक्षा कपभर दूध प्या, दोनशेच्या वर मिलिग्रॅम सहज मिळतात. किंवा नाचणीची भाकरी खा.

म्हणून पायाला नावं ठेवायची नाहीत. तो गरम असतो, चवदार असतो, आजारपणात पाणी आणि मीठ पोटात जातं. भाताबरोबर डाळ किंवा अंडं असेल, तर ट्रिप्टोफॅनची उणीव तिथे भरून निघते आणि जिलेटिनचं प्रथिनही कामी येतं. साठ किलोच्या माणसाला दिवसाला साधारण पन्नास ग्रॅम प्रथिन लागतं. होस्टेलवर राहून मोजक्या पैशांत ते जमवायचं असेल, तर सॅशेच्या पैशात अंडी घ्या.

आणि सॅशे घ्यायचाच असेल, तर पाकिटाच्या मागे बघा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. मीठ सुरुवातीलाच दिसलं, तर तुम्ही खारं पाणी विकत घेताय.