विश्लेषण : क्रिएटिनने काटा चढला, म्हणजे चरबी वाढली का?

रत्नागिरीतील एखाद्या कार्यालयात दिवसभर खुर्चीवर बसणारे ४६ वर्षांचे गृहस्थ घेऊ. वजन ७८ किलो, आठवड्यातून तीनदा ३५-४० मिनिटे जिम. पोट कमी व्हावे आणि स्नायू वाढावेत, अशी इच्छा. क्रिएटिन सुरू करतात आणि पंधरवड्यात वजन ७९ होते. इथेच अनेक जण डबा कपाटात ठेवतात. हा निर्णय घाईचा आहे.

वजन का वाढते?

क्रिएटिन स्नायूंत साठते आणि सोबत पाणी धरून ठेवते. सुरुवातीचा किलोभर बहुतांशी या पाण्याचा असतो. म्हणून तो चरबी नाही, तसेच नवा स्नायूही नाही. सिडनीतील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या २०२५मधील अभ्यासात ५४ जण होते. रोज पाच ग्रॅम घेणाऱ्यांचे चरबीविरहित वजन पहिल्या आठवड्यात, व्यायामाआधीच, इतरांपेक्षा सुमारे अर्धा किलो जास्त वाढले. पुढे १२ आठवड्यांच्या व्यायामात मात्र दोन्ही गटांची वाढ सारखीच, सुमारे दोन किलो होती.

मग फायदा कोणता?

वजन उचलताना पहिल्या काही सेकंदांची ऊर्जा क्रिएटिनच्या साठ्यातून भरून निघते. त्यामुळे सेटच्या शेवटी एखाद-दुसरी उचल जास्त जमू शकते. वयस्करांवरील २२ अभ्यासांच्या २०१७मधील एकत्रित विश्लेषणात, आठवड्याला दोन-तीन दिवस वजने उचलणाऱ्यांत क्रिएटिन घेणाऱ्यांची चरबीविरहित वाढ सरासरी १.३७ किलोने अधिक आढळली. म्हणजे फायदा असला तरी माफक. तोही वजने उचलली तरच. ट्रेडमिलवर चालून तो मिळत नाही. चरबी तर क्रिएटिन जाळतच नाही. ते काम ताटातल्या भाताच्या आणि संध्याकाळच्या फरसाणाच्या प्रमाणावर ठरते.

किती आणि कसे?

साधे क्रिएटिन मोनोहायड्रेट, रोज तीन ते पाच ग्रॅम, व्यायाम नसलेल्या दिवशीही. सुरुवातीला २० ग्रॅमचा मारा करण्याची गरज नाही. रोज तीन ग्रॅमनेही साधारण चार आठवड्यांत साठा भरतो. किलोभर कच्च्या मासळीत तीन-पाच ग्रॅम क्रिएटिन असते. त्यामुळे नेहमी मासे खाणाऱ्यापेक्षा शाकाहारी माणसाला फरक अधिक जाणवू शकतो.

रक्ततपासणीत काय दिसते?

क्रिएटिनचेच रूपांतर क्रिएटिनिनमध्ये होते. त्यामुळे मूत्रपिंड ठीक असतानाही अहवालातील आकडा थोडा वर जाऊ शकतो. डॉक्टरांना डब्याबद्दल सांगावे. शंका असल्यास ते सिस्टॅटिन-सी तपासणी करून घेतात. मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर सल्ला आधी, डबा नंतर.

या गृहस्थांनी काट्याऐवजी दोन नोंदी ठेवाव्यात : दर पंधरा दिवसांनी बेंबीपाशी कंबरेचे माप आणि प्रत्येक व्यायामात उचललेले वजन. तीन महिन्यांत कंबर घटली आणि उचल वाढली, तर ७९ किलो हा तोटा नव्हे. दोन्ही जागच्या जागी असतील, तर दुसरा डबा घेण्याऐवजी जेवण आणि व्यायाम तपासावा.