शेवटच्या टप्प्याचा हिशेब

२२ सप्टेंबर २०२५ रोजी सिमेंटवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. चर्चा झाली ती सरकारच्या बुडणाऱ्या महसुलाची. आपल्या व्यवसायातल्या माणसांनी मात्र याच कपातीचा दुसरा हिशेबही मांडायला हवा: कर चढल्यामुळे जी खरेदी झालीच नाही, तिचा.

आदिलाबाद जिल्ह्यातल्या इचोड्याचे एक दुकान डोळ्यांसमोर आणू. कापसाचे पैसे हाती आले की इथे घरांची कामे निघतात. स्वतःचे घर बांधणाऱ्याला इनपुट क्रेडिट मिळत नाही, म्हणून सगळा कर त्याच्याच अंगावर पडतो. पुढचे आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. करापूर्वी पोते ३०० रुपयांना, महिन्याला मागणी १,००० पोती, आणि भाव रुपयाने वाढला की मागणी एका पोत्याने घटते. पुरवठ्याची रेषा आडवी धरू.

२८ टक्के म्हणजे पोत्यामागे ८४ रुपये. विक्री ९१६ वर येते, महसूल ७६,९४४ रुपये. न विकल्या गेलेल्या ८४ पोत्यांपैकी पहिले ग्राहकाला ३०० रुपयांपेक्षा जेमतेमच जास्त मोलाचे होते, शेवटचे मात्र त्याला जवळपास ८४ रुपये जास्त मोलाचे होते. म्हणून तोटा त्रिकोणाचा: ८४ × ८४ चे निम्मे, ३,५२८ रुपये. हा पैसा सरकारलाही मिळत नाही. (निम्मे करायचे विसरणे ही परीक्षेतली आणि अहवालांतलीही नेहमीची चूक.)

१८ टक्क्यांना कर ५४ रुपये, विक्री ९४६, महसूल ५१,०८४, तोटा १,४५८. दर एक तृतीयांशाहून थोडाच जास्त उतरला, तोटा मात्र जवळपास ५९ टक्क्यांनी. कर वाढला की त्रिकोणाचा पाया आणि उंची दोन्ही त्याच प्रमाणात वाढतात, म्हणून वर्ग. फ्रेंच अभियंता ड्युपुई याने हे १८४४ मध्येच दाखवले होते.

आता सरासरीने फसू नका. २८ टक्क्यांवर रुपयामागे तोटा साधारण साडेचार पैसे दिसतो. पण वरच्या ३० रुपयांच्या टप्प्याने २५,८६० रुपये जादा मिळवून दिले आणि २,०७० रुपये जाळले, म्हणजे रुपयामागे आठ पैसे. खालच्या ५४ रुपयांना तीन पैसेही लागत नाहीत.

पुरवठ्याची रेषा चढती असेल तर त्रिकोण लहान होतो, वर्गाचा नियम टिकतो. रेषा वाकड्या असतील तर मोठ्या करावर हा आकडा अंदाजच राहतो. आणि विक्रेत्याने करापूर्वीचा भाव वाढवून कपात खिशात घातली, तर विक्री वाढतच नाही. जुन्या आणि नव्या बिलांतला करपात्र भाव शेजारी ठेवला की हे लगेच कळते.

दरांविषयी निवेदन लिहिताना सरासरी तोटा देऊ नका. शेवटच्या टप्प्याचा रुपयामागचा तोटा काढून तोच पहिल्या पानावर लिहा.